ऑफिसात सीक्रेट सांता, बजेट दोनशे रुपये: यंदा तरी घोळ न होता चिठ्ठ्या कशा काढाव्यात?

होटगीरोडकर

मंडळी, मदत हवी आहे. आमचं छोटं ऑफिस, माणसं चौदा. मागच्या वर्षी पहिल्यांदा सीक्रेट सांता केलं, म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला आपलं नाव न सांगता भेट द्यायची, आणि आयोजक म्हणून माझी लै शोभा झाली. कॅन्टीनमधल्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. तिघांना स्वतःचंच नाव आलं. त्यांनी चिठ्ठ्या परत टाकून दुसऱ्या उचलल्या. शेवटी डब्यात एकच चिठ्ठी उरली आणि ती उचलणाऱ्या डिस्पॅचच्या काकांचीच निघाली. मग काकांनी मॅडमशी चिठ्ठी बदलली, म्हणजे दोघांचं गुपित तिथंच फुटलं.

पुढचं आणखी वाईट. दोनशेची मर्यादा होती, पण एकाने साडेपाचशेचा दिवा दिला आणि एकाने साठ रुपयांची किल्ल्यांची साखळी. एका मुलीला लिपस्टिक आली, कोणी दिली ते आजवर कळलं नाही. एकाला डिओडरंट आला, तो अजून प्रत्येकाकडे संशयाने बघतो. आणि चौदापैकी चार जणांना चादर! सोलापुरात चादर भेट देणं म्हणजे कोकणात नारळ नेऊन देणं.

यंदा भेटी संक्रांतीच्या आठवड्यात, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू व्हायच्या आधी वाटायच्या आहेत. बजेट दोनशेच. साहेबही म्हणतात, मी पण खेळणार. अकाउंट्समध्ये एक नवरा-बायको आहेत, त्यांना एकमेकांची नावं यायला नकोत. नियम काय करावेत?

शेंगाचटणी

चार चादरी? मला एक द्या की, पाहुणे येणार आहेत.

नवीपेठ_७

एवढं काय त्यात. स्वतःचं नाव आलं की चिठ्ठी परत टाकायची, दुसरी उचलायची. आम्ही कायम असंच करतो, कधी अडलं नाही.

धोटा

@नवीपेठ_७, नशीब चांगलं म्हणायचं. तीनच माणसं धरून बघा. पहिल्याने दुसऱ्याचं नाव उचललं. दुसऱ्यासमोर पहिला आणि तिसरा उरले, त्यातून त्याने पहिल्याचं उचललं. मग तिसऱ्यासमोर काय राहिलं? त्याचंच नाव. तीन माणसांत चारातून एकदा असं होतंच. माणसं वाढली की शेवटच्यावर ही पाळी कमी वेळा येते, पण येते. होटगीरोडकरांच्या काकांचं तेच झालं.

आणि परत न टाकता नुसत्या उचलल्या, तर कोणाला ना कोणाला स्वतःचं नाव येण्याची शक्यता शंभरात त्रेसष्ट. माणसं चौदा असोत की चाळीस, आकडा तेवढाच राहतो. म्हणजे तुमचा डबा बिघडलेला नव्हता, डब्यांचं असंच असतं.

पार्कचौकातून

आमच्या महिला मंडळाच्या भिशीत पण चिठ्ठीच काढतो. ज्या बाईचं नाव निघालं तिला त्या महिन्याची रक्कम, आणि तिचं नाव पुढच्या वेळी डब्यात नाही. अकरा वर्षांत एकदाही भांडण नाही. तुम्ही पण हिशेबाची वही ठेवा.

शेंगाचटणी

ताई, भिशीत एकालाच सगळं मिळतं. इथं सगळ्यांना थोडं थोडं आणि डोक्याला ताप. हे आपल्या हळदीकुंकवाच्या वाणासारखं आहे, फक्त देणारी कोण ते कळत नाही.

पार्कचौकातून

मग वाणच लुटा की! वाणात निवडून द्यायची भानगडच नाही, सगळ्यांना सारखी वाटी.

होटगीरोडकर

ताई, गेल्या वेळच्या गोंधळानंतर मलाही तेच वाटलं होतं :) पण पोरांना सांताच पाहिजे.

@धोटा, मग उपाय काय? आयोजकाने सगळ्यांच्या जोड्या लावून टाकायच्या का? मग मला सगळंच कळेल आणि माझी मजा जाईल.

धोटा

आयोजकालाही कळू न देता होतं. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये हा खेळ आम्ही करायचो. आता निवृत्त आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

चौदा जाड कार्डं घ्या. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चांगली, कारण पातळ कागदातून मार्कर पाठीमागे उमटतो आणि सगळं उघडं पडतं. प्रत्येक कार्डावर एकच आकडा दोनदा लिहायचा, एकदा वरच्या अर्ध्यात आणि एकदा खालच्या अर्ध्यात. एक ते चौदा. सगळी पालथी घालून नीट मिसळा आणि पालथीच एका ओळीत मांडा. कोणता आकडा कुठे आहे हे आता कोणालाच माहीत नाही.

मग प्रत्येक कार्ड जागच्या जागी मधोमध आडवं कापा. वरच्या तुकड्यांची एक ओळ झाली आणि खालच्यांची एक. आता फक्त वरची ओळ एक घर उजवीकडे सरकवा. शेवटचा तुकडा बाहेर येईल, तो उचलून ओळीच्या सुरुवातीला ठेवा. वर-खाली आलेली प्रत्येक जोडी न बघता एका पाकिटात घाला. पाकिटं मिसळा आणि ज्याने त्याने एक उचला.

वरचा तुकडा म्हणजे तुमचा स्वतःचा नंबर. खालचा म्हणजे ज्याला द्यायचं त्याचा. भिंतीवर एक ते चौदा लिहिलेला कागद लावा आणि प्रत्येकाने आपल्या वरच्या नंबरासमोर नाव लिहायचं. मग खालच्या नंबरासमोर कोणाचं नाव आहे ते गुपचूप बघायचं.

एका घराने सरकवलंय, त्यामुळे स्वतःचा नंबर स्वतःलाच येऊच शकत नाही. परत उचलायची वेळ नाही आणि कोणी कोणाला देतंय हे कापणाऱ्यालाही ठाऊक नाही.

मधलामारुती

सर, हे भारी आहे! पण नवरा-बायकोचं काय?

धोटा

तिथं या पद्धतीचं बळ संपतं, खोटं कशाला बोला. नंबर कोणाला कोणता जाणार हे आपण ठरवत नाही, त्यामुळे बंदी घालता येत नाही. चौदांत ठरावीक दोघांपैकी एकाला दुसरा येण्याची शक्यता तेरातून दोनदा. तसं झालं तर त्यांनी फक्त "आमचं जमत नाही" एवढंच सांगायचं, सगळे तुकडे गोळा करून सारख्या आकड्यांचे पुन्हा जोडीला लावायचे, भिंतीवरचा कागद बदलायचा आणि पुन्हा मांडायचं. अर्धा तास जातो.

एकाच जोडीसाठी चालतं. बंद्या पाच-सहा झाल्या तर आयोजकानेच जोड्या लावाव्यात, आणि आयोजक खेळाबाहेरचा असावा.

कोडर_जुळेसोलापूर

सर, आता आमच्या पद्धतीने. शीटमध्ये एका कॉलममध्ये नावं, शेजारी सगळ्यांना हे टाकायचं:

```
=RAND()
```

आणि त्या कॉलमवर सॉर्ट करायचं. नावांचा क्रम विस्कटतो. मग प्रत्येकाने आपल्या खालच्याला द्यायचं आणि शेवटच्याने पहिल्याला. नवरा-बायको लागून आले तर पुन्हा सॉर्ट. एक मिनिटाचं काम. फक्त एक गंमत लक्षात ठेवा. सॉर्ट केल्या केल्या आकडे आपोआप बदलतात, त्यामुळे ते क्रमाने लागलेले दिसत नाहीत. चुकलं वाटून परत सॉर्ट केलं की नावं पुन्हा हलतात. एकदा झालं की नावं कॉपी करून दुसरीकडे ठेवा. आमच्याकडे एकाने तीनदा सॉर्ट केलं आणि तीन वेगळ्या याद्या तिघांना पाठवल्या, दोघांना एकच माणूस आला आणि एकाला कोणीच नाही.

नवीपेठ_७

हे सगळं करण्यापेक्षा मोबाईलवर फुकटात मिळतं. नावं टाका, बटण दाबा.

होटगीरोडकर

मिळतं, पण ते प्रत्येकाला मेल पाठवतं. आमच्याकडे चौघांना मेल नाहीत. डिस्पॅचचे काका तर साधा फोन वापरतात. त्यांना "तुमचं नाव मी उघडून सांगतो" म्हटलं की गुपित कसलं राहिलं.

मधलामारुती

मला सरांची कार्डंच आवडली. पण मधेच कोणी सोडून गेलं तर? आमच्या ऑफिसात चिठ्ठ्या काढल्यानंतर चौथ्या दिवशी एकाची बदली झाली. ज्याच्याकडे त्याचं नाव होतं त्याने बदलीच्या गावी कुरिअर केलं, दोनशेच्या भेटीला एकशेवीसचा खर्च. आणि हा ज्याला देणार होता त्याच्या हाती काहीच नाही.

धोटा

छान प्रश्न, आणि इथंच चिठ्ठीपेक्षा कार्डं सरस आहेत. एका घराने सरकवलेल्या कार्डांत सगळी माणसं एकाच गोलात बसतात. कोणाला बाहेर काढलं तरी गोल तुटत नाही, एक मणी काढून माळ ओवल्यासारखं.

उदाहरण घ्या. बदली झालेल्याच्या हातात वर नऊ आणि खाली चार. तो जाताना खालचा तुकडा आयोजकाकडे देतो. आयोजक भिंतीवर फक्त एवढं लिहितो: नऊच्या जागी चार. ज्याच्याकडे खाली नऊ आहे तो मनात म्हणतो, ठीक, आता चारला द्यायचं. तो कोण हे कोणी विचारत नाही.

डब्यातल्या चिठ्ठ्यांत हे नेहमी जमत नाही. तिथं नऊने चारला आणि चारने नऊलाच द्यायचं अशी दोघांची अदलाबदल पडू शकते. मग नऊ गेला की चारने कोणाला द्यायचं? स्वतःलाच! गोलात दोघांची अशी जोडी पडत नाही, निदान तिघं जण उरेपर्यंत तरी.

शेंगाचटणी

सर, तुम्ही मला गणितात नापास केलंत असं वाटतंय, पण हे कळलं.

अकाउंट्सची_ताई

चिठ्ठ्यांचं झालं. आता भेटीचं बोला, खरा त्रास तिथं आहे. मी तीन वर्षं आमच्या ऑफिसचं हे बघते. माझ्या मते "दोनशेपर्यंत" हे वाक्यच चुकीचं आहे. खालची मर्यादा नसली की एकजण साठ रुपयांत सुटतो आणि त्याला कोणी बोलू शकत नाही, नियम तर पाळलाय. आम्ही "दीडशे ते दोनशे, कागद आणि फीत धरून" असं लिहितो. वर गेलेलंही चालत नाही. साडेपाचशेचा दिवा मिळालेला माणूस वर्षभर ओशाळलेला राहतो आणि पुढच्या वेळी तोही जास्त घालतो. तिसऱ्या वर्षी बजेट पाचशेवर जातं आणि दोघं म्हणतात, आम्ही नाही.

पावती मागत नाही. पण इच्छायादीत वस्तूसमोर दुकानातली किंमत लिहायला लावते, म्हणजे "ब्लूटूथ इअरफोन" असं कोणी लिहीत नाही.

मधलामारुती

इच्छायादीत सगळे "काहीही चालेल" लिहितात हो.

अकाउंट्सची_ताई

"काहीही चालेल" आमच्याकडे चालत नाही :) तीन ओळी भरायच्याच. पहिली खाण्याची किंवा संपणारी वस्तू, चहाची पूड, खारीक, पेनं. दुसरी टेबलावर लागणारी, मोबाईल स्टँड, कपाचं झाकण, कुंडी. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, "हे नको". लोक हवं काय ते सांगायला लाजतात, पण नको काय ते बरोबर सांगतात. एकाने लिहिलं, "फोटोफ्रेम नको, घरात सात आहेत." दुसऱ्याने "गोड नको, साखर आहे." एका जैन मुलीने लिहिलं, "कांदा-लसूण असलेलं काही नको." केक आणणाऱ्याने त्यातलं अंडंही विचारून घ्यावं, इथं त्यावरून घरं चिडतात.

यादी नावाने नाही, नंबराने भिंतीवर लावायची. सरांची कार्डं केली तर तोच नंबर.

धोटा

पण ताई, नंबरासमोर नाव भिंतीवर असतंच. मग यादी नंबराने लावून लपवलं काय?

अकाउंट्सची_ताई

अगदी खरं, काहीच लपलं नाही. पण चुकून कोणी भलत्याची यादी बघत उभा राहिला तरी तो कोणाची बघतोय ते मागून कळत नाही. आमच्यात एकजण एकाच कागदासमोर दहा मिनिटं उभा होता, त्यावरून त्याचा सांता सगळ्या ऑफिसाने ओळखला.

होटगीरोडकर

आणि लिपस्टिक, डिओडरंट?

अकाउंट्सची_ताई

त्याला आमचा साधा नियम आहे. अंगाला लावायचं, अंगात घालायचं आणि देवघरात ठेवायचं काही नको. पहिल्याने अत्तर, डिओडरंट, क्रीम गेलं. दुसऱ्याने टीशर्ट, चप्पल, साइजच्या सगळ्या भानगडी. तिसरं हळवं आहे. कोणाचा देव कोणता, कोणाच्या घरी मूर्ती ठेवतात की नाही हे आपल्याला माहीत नसतं, आणि मिळालेली मूर्ती कोणी टाकूनही देऊ शकत नाही. वजनकाटा आणि "बारीक कसे व्हावे" छापाची पुस्तकंही नाहीत. हे मला लिहावं लागलं, म्हणजे कोणीतरी दिलं होतं, हे ओळखा.

काकांचा_पुतण्या

आहेर फिरवणं बंद करा की! लग्नात आलेला भिंतीवरचा घड्याळ-सेट माझ्याकडे सीक्रेट सांता होऊन आला. आत चिठ्ठी होती: "चि. वधू-वरांस शुभाशीर्वाद."

शेंगाचटणी

😂 तुझं लग्न कधी केलं बे?

कोडर_जुळेसोलापूर

पण हाताने केलेलं चालावं ना? माझी आई शेंगा चटणी करते, बाजारातलीपेक्षा सरस. शेंगदाणे, लसूण, तिखट, गॅस मिळून सामानाचा खर्च शंभरही होत नाही. मग मी दीडशेच्या नियमात नापास?

अकाउंट्सची_ताई

इथं माझंही पक्कं मत नाही. मला ती चटणी दोनशेच्या मगपेक्षा कितीतरी आवडेल. पण एकाला सूट दिली की पुढचा म्हणतो, माझी कविता पाचशेची आहे. आम्ही घरचं चालवतो, फक्त त्याबरोबर एक छोटी विकत घेतलेली वस्तू जोडायला सांगतो. काहींना हे हिशेबी वाटतं.

पार्कचौकातून

ज्याच्या हाताला चव आहे त्याला हिशेब कसला लावता. कविता मात्र नको.

विजापूररोड_९९

एक वेगळा मुद्दा मांडतो, राग नसावा. दोनशे रुपये तुमच्यासाठी छोटे, पण सफाईच्या मावशी आणि कंत्राटी पोरांना ते दोन दिवसांच्या भाजीपाल्याचे पैसे आहेत. आमच्याकडे सगळ्यांची नावं न विचारता घातली होती. एक मावशी दोन दिवस आलीच नाही, आम्हाला वाटलं आजारी आहे. "ऐच्छिक आहे" असं नुसतं बोलून होत नाही, नाही म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागू नये.

होटगीरोडकर

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडेही दोघी आहेत. चौदात त्या धरल्या होत्या मी.

विजापूररोड_९९

मग यादी उलटी करा. ज्याला खेळायचं त्याने स्वतः नाव द्यावं, बंद पाकिटात. ज्याचं आलं नाही त्याला का म्हणून विचारायचं नाही. आणि वाटपाच्या दिवशी चहा-फरसाण सगळ्यांना, खेळणारे असोत नसोत.

नवीपेठ_७

मग साहेबाचं काय ते सांगा. मी म्हणतो साहेबाला खेळात घ्यायलाच नको. त्याचं नाव ज्याला येईल तो बिचारा सातशेचं घेतो.

मधलामारुती

उलट साहेब बाहेर राहिले की वाटतं, ते वरचे आणि आपण खालचे. आमचे साहेब खेळले, त्यांना पंचाहत्तरचा बॉटल ब्रश आला (दीडशेचा नियम तेव्हा नव्हता). त्यांनी तो रोज वापरला आणि सगळ्यांना दाखवला. एकदम वातावरण सुटलं.

नवीपेठ_७

तुमचे साहेब चांगले. आमच्या जुन्या ऑफिसातल्यांना ब्रश मिळाला असता तर मेमो निघाला असता.

धोटा

साहेबांनी खेळावं, पण आपली इच्छायादी सगळ्यात आधी, शंभर-दीडशेच्या वस्तूंची, स्वतः भिंतीवर लावावी. दीडशेचा चमचा मागणाऱ्याला सातशेचं देणारा मूर्ख दिसतो, मग कोणी देत नाही. पण साहेबांना हे सांगणार कोण, हा गणिताचा प्रश्न नाही.

कोडर_जुळेसोलापूर

भेट सगळ्यांसमोर उघडायची की घरी?

अकाउंट्सची_ताई

घरी. समोर उघडली की बघणारे किंमत करतात आणि घेणाऱ्याला तोंड हसरं ठेवावं लागतं. ज्यांना आवडतं त्यांनी उघडावी, सक्ती नको.

काकांचा_पुतण्या

समोर उघडली असती तर घड्याळवाल्याला शुभाशीर्वाद तिथंच परत केले असते. माझं मत, समोरच.

होटगीरोडकर

मंडळी, झालं एकदाचं. अहवाल देतो.

नावं पाकिटातून मागितली, बारा आली. सफाईच्या दोघींनी नाव दिलं नाही, मी विचारलं नाही. पण त्यातल्या एकीने वाटपाच्या दिवशी घरून तिळाच्या वड्या आणल्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या.

कार्डं लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची केली. बारा कापायला पंधरा मिनिटं लागली. पहिल्या फेरीत अकाउंट्समधल्या नवऱ्याला बायकोच आली, सर, तुमची शक्यता आमच्याच ऑफिसात खरी व्हायची होती. दुसऱ्या फेरीत जमलं. मग वाटपाच्या आठ दिवस आधी स्टोअरचा मुलगा सोडून गेला. त्याचा नंबर सहा, खाली अकरा. भिंतीवर "सहाच्या जागी अकरा" लिहिलं. कोण तो, मला आजही माहीत नाही.

डिस्पॅचच्या काकांची यादी अशी होती: एक, चुना-तंबाखू सोडलाय, बडीशेप चालेल. दोन, चष्म्याची दोरी. तीन, "चादर नको". त्यांना चष्म्याची दोरी आणि बडीशेपेचा डबा मिळाला. काका सगळ्यांना दोरी दाखवत फिरले.

साहेबांनी यादीत फक्त "वही" लिहिलं, किंमत काही लिहिली नाही. त्यांना चामड्याची डायरी आली, दोनशेच्या पुष्कळ वरची दिसते. कोणी दिली ते सगळे कुजबुजताहेत.

नवीपेठ_७

सांगितलं होतं ना.

शेंगाचटणी

आणि चादर कोणालाच नाही?

होटगीरोडकर

एक आली. मला. माझ्या तिसऱ्या ओळीत "हे नको" लिहायचंच राहिलं होतं.